डीपी, एमपी, यूटी: तपासनिसांच्या पत्रकात मराठी किती हवी?

झुवारीकाठ (धागा सुरू केला)
आमच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात आयटीआय करून आलेल्या पोरांसाठी वेल्डमधल्या चिरा शोधायच्या तपासणीची पत्रकं मराठीत बनवतोय. डाय पेनिट्रंटला ‘रंगभेदी चाचणी’, मॅग्नेटिक पार्टिकलला ‘चुंबकीय कण चाचणी’, अल्ट्रासॉनिकला ‘स्वनातीत दोषशोध’ असे शब्द घेतलेत. इंडिकेशन आणि डिफेक्ट दोन्हींना ‘दोष’. चालेल का, की इंग्रजीच ठेवू?

क्लासवाला
इंग्रजीच ठेवा. रिपोर्ट शेवटी सर्व्हेअरच्या टेबलावर जातो आणि तो इंग्रजीतच लागतो. पोरं डीपी, एमपी, यूटी म्हणतातच. ‘डीपी मार’ म्हटलं की लाल डबा आधी की पांढरा, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि ‘रंगभेदी’ वाचून मला आधी दक्षिण आफ्रिका आठवली.

मास्तरीण
हसले खरी, पण रिपोर्ट आणि पत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट सर्व्हेअर वाचतो, पत्रक कामाला उभा असलेला पोरगा वाचतो. मी शिकवते तिथे डिंचोली-पेडण्याची मुलं येतात, प्राथमिक शाळा मराठीत शिकलेली. ‘रिमूव्ह एक्सेस पेनिट्रंट’ ती पाठ म्हणतात, पण हाताने नेमकं काय करायचं ते कळलेलं नसतं.

‘स्वनातीत’ मात्र काढाच. तो शब्द आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांचा. कानाला ऐकू येत नाही अशा ध्वनीला शाळेच्या पुस्तकातही ‘श्राव्यातीत’ म्हणतात.

योकवाला
चाचणीचं नाव कुठल्याही भाषेत ठेवा, त्याने वेल्ड बिघडत नाही. इंडिकेशन म्हणजे नुसतं दिसलेलं, डिफेक्ट म्हणजे निकष लावून नापास झालेलं. दोन्हींना एकच शब्द ठेवलात तर मात्र नक्की बिघडेल.

एका यार्डात पाहिलेलं सांगतो. हॅच कोमिंगच्या ब्रॅकेटचा फिलेट वेल्ड होता. लाल रंग पुसून पांढरा डेव्हलपर मारल्यावर वेल्डच्या काठाला 12 मि.मी.ची लाल रेघ आली. पोराने वहीत लिहिलं, ‘दोष, 12 मि.मी.’. फोरमनने वही वाचली आणि थेट ग्राइंडर मागवला. 3 मि.मी. खोल गेले तरी आत काहीच नाही. काठाला थोडा अंडरकट होता, त्या घळीत रंग अडकून राहिला होता, एवढंच. चांगला वेल्ड उकरला, पुन्हा भरला, पुन्हा डीपी केली.

करायला काय हवं होतं? काठ हलका घासून गुळगुळीत करायचा, जागा साफ करून सुकवायची आणि डीपी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. रेघ त्याच जागी परत आली तर मग निकष लावायचा. प्रेशर व्हेसलच्या एएसएमई विभाग 8 मध्ये 1.5 मि.मी.पेक्षा मोठं ते मोजायला घेतात. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर ती रेघ धरतात आणि रेघ नापास होते. गोल ठिपका 5 मि.मी.पर्यंत चालतो. म्हणजे 4 मि.मी.चा एकटा गोल ठिपका दिसला, नोंदला, आणि तरीही पास झाला. त्याला पत्रकात ‘दोष’ म्हणाल तर पोरगा पास कसा करणार?

झुवारीकाठ
हे पटलं. मग इंडिकेशनला ‘खूण’ आणि डिफेक्टला ‘दोष’ घेतो.

क्लासवाला
‘खूण’ घेतलीत तर नवा घोळ. यार्डात खूण म्हणजे खडूने किंवा पंचने केलेली. ‘खूण पुसू नका’ वाचून पोरगा डीपीची लाल रेघ सांभाळेल की फिटरचा खडू? म्हणून म्हणतो, इंडिकेशनच ठेवा.

मास्तरीण
‘उमट’ कसा वाटतो? लाल रेघ उमटते, भुकटी धरली की रेघ उमटते. क्रियापद त्यांच्या तोंडात आहेच.

योकवाला
डीपी-एमपीला बसेल. यूटीच्या स्क्रीनवर काही उमटत नाही, तिथे पीक उठतो.

बीमपाथ
यूटीत कशाला एवढा काथ्याकूट? पीक उठला की आत काहीतरी आहे. ‘दोषशोध’ बरोबरच आहे.

योकवाला
आत काहीतरी आहे हे खरं, पण ते दोष असेलच असं नाही. 12 मि.मी.ची प्लेट घ्या, एका बाजूने केलेला बट वेल्ड, 70 अंशांचा प्रोब. पीक 35 मि.मी. बीमपाथवर, म्हणजे ध्वनीच्या तिरक्या वाटेवर, उठला. 70 अंशांचा कोसाइन 0.342, म्हणजे खोली जेमतेम 12 मि.मी. प्लेटचा तळच झाला. तिथे रूटचा, म्हणजे वेल्डच्या तळाचा, फुगवटाही पीक देतो आणि रूट नीट वितळलं नसेल तर तेही देतं. म्हणून प्रोबपासून पृष्ठभागावरचं अंतर मोजायचं, या पीकला ते 33 मि.मी. येतं, आणि ते वेल्डच्या मध्यरेषेच्या अलीकडे पडतं की पलीकडे ते पाहायचं. मग दुसऱ्या बाजूने प्रोब लावायचा. दोन्ही बाजूंनी जागा मध्यरेषेच्या किंचित पलीकडे आणि खोली 12 पेक्षा थोडी जास्त येत असेल, तर बहुधा फुगवटा. पत्रकाचं शीर्षकच ‘दोषशोध’ असेल, तर नवा पोरगा प्रत्येक रूटला नापास करेल.

बीमपाथ
फुगवट्याचं मान्य. तरी शीर्षक बदलून काय साधणार, मला कळत नाही.

ट्रॉलरवाला
आम्ही मालीम जेटीवर रॉकेल लावून, पुसून वर खडू घासतो, चीर ओली होऊन दिसते. आमच्या प्रॉपेलरच्या पात्याला संशय आहे. एमपी करून मिळेल का?

योकवाला
पातं ब्राँझचं असेल तर एमपी होणार नाही, त्याला चुंबक धरत नाही. डीपी करून घ्या. तुमचं रॉकेल-खडू हे डीपीचंच जुनं रूप आहे, फक्त बारीक चीर त्यात निसटते.

मास्तरीण
झुवारीकाठ, डीपीच्या पत्रकात जास्तीचा रंग काढण्याला काय लिहिलंय?

झुवारीकाठ
‘क्लीनरने धुवून काढा.’

मास्तरीण
तो ‘धुवा’ खोडा. मुलं क्लीनरचा डबा थेट वेल्डवर फवारतात. वरचा रंग जातो, त्याबरोबर चिरेतलाही जातो, आणि डेव्हलपर पांढराशुभ्र राहतो. चीर तिथेच असते आणि वही म्हणते काही नाही. आधी कोरड्या कापडाने पुसा, मग क्लीनर कापडावर घेऊन पुसा, जागेवर फवारू नका, असं तिन्ही तोडून लिहा.

क्लासवाला
हे मात्र मराठीत हवं, मान्य. हातांनी करायचं ते मराठीत, मोजायचं आणि सही करायचं ते इंग्रजीत.

योकवाला
मराठीतही जपून. एमपीच्या चुंबकाबद्दल ‘योक वेल्डला आडवा धरा’ असं लिहिलंय का कुठे?

झुवारीकाठ
अगदी हेच वाक्य आहे.

योकवाला
कुणी त्याचा अर्थ वेल्ड ओलांडून धरा असा घेईल, कुणी योक वेल्डलगत लांबीने आडवा टाकेल. चुंबकाच्या रेषा एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जातात. त्यांना छेदणारी चीर भुकटी धरते, त्यांच्याच दिशेने गेलेली धरत नाही. योक लांबीने ठेवला तर वेल्डच्या लांबीने गेलेली चीर सुटते. ‘आधी योकचा एक पाय वेल्डच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, मग योक काटकोनात फिरवून पुन्हा’ असं लिहा, शेजारी चित्र काढा. आणि ‘कण’ऐवजी भुकटी लिहा, हाताला लागते ती भुकटीच.

झुवारीकाठ
पुसण्याची तीन वाक्यं आणि योकचं चित्र आज टाकतो. ‘रंगभेदी’ आणि ‘स्वनातीत’ गेले, शीर्षकाला डीपी, एमपी, यूटी. ‘उमट’ एमपीच्या पत्रकात घालून पोरं काय म्हणतात ते बघतो.

क्लासवाला
घाला. पण वहीत त्या रकान्याचं नाव इंडिकेशनच राहू द्या, नाहीतर सर्व्हेअर मला विचारेल.