मदत हवी आहे: स्टारड्यू व्हॅलीचं मराठी भाषांतर, वेलांटी उलटीकडे जातेय

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. मी आणि मामेबहीण मिळून स्टारड्यू व्हॅलीचं हौशी मराठी भाषांतर करतोय. 1.5.5 आवृत्तीपासून नवी भाषा मॉडमधून जोडता येते, त्यामुळे मूळ गेमच्या फायलींना हात लावलेला नाही.

संवादांचं काम मजेत चाललंय. `^` या चिन्हाच्या आधी मुलग्यासाठीचं वाक्य येतं, नंतर मुलीसाठीचं. मराठीला हे फारच सोयीचं, इंग्रजीवाले ते क्वचितच वापरतात:

```
@, शेतावर गेलास का?$h^@, शेतावर गेलीस का?$h
```

`@` च्या जागी खेळाडूचं नाव येतं, `$h` ने चेहरा हसरा होतो.

अडलंय ते अक्षरांवर. गेम बीएमफाँटचा चित्ररूप फाँट वापरतो आणि एकेक चिन्ह ओळीने मांडतो. त्यामुळे 'विहीर' मधली पहिली वेलांटी 'व'च्या पुढे जाऊन 'ह'वर बसते, 'ज्वारी'त 'ज'चा पाय मोडलेला दिसतो. उपाय एकच सुचतोय: प्रत्येक जोडाक्षराला आणि वेलांटी लागलेल्या अक्षराला युनिकोडच्या खासगी भागातला एकेक क्रमांक द्यायचा आणि मजकूर त्यात बदलून घ्यायचा. हे रूपांतर कुणी केलंय का? स्क्रिप्ट असेल तर वापरू का, ते आधी सांगा, श्रेय नावानिशी देऊ.

दुसरं, कव्हरला एका चित्रकार ताईंचं फॅन आर्ट हवंय. त्यांच्या पानावर 'पुन्हा टाकू नये' असं लिहिलंय. तरी मेसेज करून विचारावं, की ती पाटीच नकार समजावी? बहीण म्हणते, विचारूच नको.