उत्तर बरोबर, कारण चूक

> उत्तरासोबत कारणही विचारलं तर वेगळं काय कळतं?

नववीला मी हा प्रश्न देते. चेंडू सरळ वर फेकला, आता तो खाली येतोय. हवेचा विरोध धरू नका. त्यावरचं एकूण बल कोणत्या दिशेला? बहुतेक मुलं 'खाली' लिहितात. गोम कळते ती कारणात: 'हाताने दिलेलं बल संपलं, म्हणून आता गुरुत्व जिंकलं.' म्हणजे चेंडू हातातून सुटल्यावरही हाताचं बल त्यात साठून राहतं, असं त्या मुलाला मनापासून वाटतं.

खात्री करायची तर चेंडू वर जातानाचं बल विचारा. तोच मुलगा आता 'वर' म्हणेल, आणि सर्वांत उंच बिंदूपाशी 'शून्य', कारण 'दोन्ही बलं सारखी झाली'. खरं तर तिन्ही ठिकाणी बल एकच, mg, आणि खालीच. बदलतो तो वेग. टोकाला वेगासोबत बलही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

कारण निवडायला पर्याय देणार असाल, तर ते मात्र मनाने रचू नका. आधी एका वर्गाकडून मोकळी वाक्यं लिहून घ्या आणि मुलांच्याच शब्दांत पर्याय द्या. एकच पर्याय पुस्तकी भाषेत असला, तर मुलं विचार न करता त्यावरच खूण करतात.