गल्लीच्या तोंडाशी उभी गाडी: तुमचे अनुभव लिहा

खामल्याची मुलगी

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतून स्कूटीवर बाहेर निघताना आईला एका बाइकनं ठोकलं. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर अजून आहे. गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला लागते, तिथं उजव्या कोपऱ्यावर एक पांढरी कार रोज उभी असते. आई म्हणते, "मी थांबली होती, मान वळवून पाहिलंही होतं, पण गाडीच दिसत होती." बाइकवाला पोरगा म्हणत होता की स्कूटी एकदम कारच्या मागून निघाली. मला दोघंही खरं बोलताना दिसले. कारवाल्या काकांना सांगायला गेली तर ते म्हणाले, "इथं नो पार्किंगचा बोर्ड दाखव, मी काढतो."

बोर्ड नाही तर मनाई नाही, असंच असतं का? चौक, वळण, झेब्रा क्रॉसिंग यांच्याजवळ उभ्या गाड्यांमुळे तुमच्या वाट्याला काय आलं, ते लिहा.

सीताबर्डीचा रोजचा

माझी बाइक उचलून नेली ना ताई! पाच मिनिटं दुकानात गेलो, बाहेर आलो तर जागा रिकामी. दंड भरला, टोइंगचे पैसे भरले, वरून इंडिकेटर तुटलेला मिळाला. तो कोण भरून देणार? बोर्ड होता, पण बॅनरच्या मागं झाकला होता.

खामल्याची मुलगी

दादा, तुमचं नुकसान झालं हे वाईटच. पण मी बोर्डच नसलेल्या कोपऱ्याबद्दल विचारते आहे.

धरमपेठ

बोर्ड लागतोच. बोर्ड नसेल तर चालान टिकत नाही, माझ्या भावाचं असंच सुटलं. आणि ड्रायव्हर आत बसलेला असेल, चारही इंडिकेटर चालू असतील, तर त्याला पार्किंग म्हणतच नाहीत.

सव्वीस वर्षं क्लच

मी ड्रायव्हिंग शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

धरमपेठकरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एखादा सरळ रस्ता मुद्दाम नो पार्किंग करायचा असेल, तर तिथं बोर्ड लावावा लागतो. चौकाचा कोपरा, वळण, झेब्रा, फुटपाथ यांना बोर्डाची गरज नाही, तिथली मनाई नियमातच लिहिलेली आहे. 1989 च्या नियमांत चौकाच्या आणि वळणाच्या "जवळ" गाडी लावू नका एवढंच होतं, म्हणून जो तो आपल्या सोयीनं "जवळ" ठरवायचा. 2017 च्या नियमांत चौकाच्या कडेपासून 50 मीटर असा आकडाच आला. माणूस आत बसला आहे की नाही, यानं फरक पडत नाही. उभ्या गाडीमुळे धोका किंवा अडथळा होत असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 122 लागतं. इंडिकेटर चमकत असले तरी पलीकडचं दिसत नाही.

बोर्डही दोन प्रकारचे असतात. निळ्या गोलावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर गाडी लावायची नाही, माणूस उतरवून लगेच निघता येतं. लाल फुली असेल, तर थांबायचंही नाही.

आता ताईच्या आईचं. स्कूटीवर आपले डोळे पुढच्या चाकाच्या साधारण एक मीटर मागं असतात, कारमध्ये बॉनेटच्या टोकापासून दोन मीटर मागं. कोपऱ्यावरची कार रस्त्याची पावणेदोन-दोन मीटर रुंदी खाते. तिच्या पलीकडचं पाहायचं, तर डोळे तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावे लागतात. तोवर स्कूटीचं चाक एक मीटर चालत्या रस्त्यात गेलेलं असतं. म्हणजे पाहण्यासाठीच रस्त्यात शिरावं लागतं. तिकडून बाइक 40 च्या वेगानं येते, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. दिसल्यावर ब्रेकवर बोट पडेपर्यंत एक सेकंद जातो, ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी दहा मीटर लागतात. झाले 21. चाक दहा मीटरवरून दिसलं असेल, तर ब्रेक लागायच्या आधीच टक्कर होते. आई चुकल्या नाहीत, तो पोरगाही नाही.

आपण डावीकडून चालतो, म्हणून गल्लीतून निघताना पहिला धोका उजवीकडून येतो. उजव्या कोपऱ्यावरची गाडी सगळ्यात वाईट. डावीकडची गाडी नजर कमी अडवते, पण डावीकडे वळणाऱ्याला रस्त्याच्या मध्यावर ढकलते.

मेडिकलवाला

माझं दुकान कोपऱ्यावर आहे. पेशंटचा माणूस गाडी दूर लावून येत नाही, दुसऱ्या दुकानात जातो. 50 मीटर म्हणता, इतवारीत एका चौकापासून 50 मीटर मोजले तर पुढचा चौक येतो. मग गाडी लावायची कुठं? नियम करणाऱ्यांनी महाल, इतवारीच्या गल्ल्या पाहायला पाहिजे होत्या.

सव्वीस वर्षं क्लच

भाऊ, तुमची अडचण खरी आहे आणि माझ्याकडं तिचं पूर्ण उत्तर नाही. अशा वस्तीत पट्टे आखून जागा दिल्याशिवाय ते जमणार नाही. पण 50 जमत नाहीत म्हणून शून्य करू नका. कोपऱ्यापासून दोन गाड्यांची जागा रिकामी राहिली, तरी निघणाऱ्याला बरंच दिसायला लागतं.

ई-रिक्षा, मेडिकल चौक

आम्ही काय हौसेनं थांबतो का जी? सवारी चौकातच उभी राहते, तिथूनच हात करते. मी पुढं जाऊन थांबलो तर ती मागच्या रिक्षात बसते. सगळ्यांनी मिळून पुढं थांबायचं ठरवलं तर जमेल, एकट्याला नाही परवडत.

नंदनवनची आजी

मी पायी चालते. झेब्र्याच्या आधी व्हॅन उभी असली की मी तिच्या आडून पाऊल टाकते आणि येणाऱ्याला अचानक दिसते. आता व्हॅनच्या बाहेरच्या कडेला थांबून, वाकून पाहते. पण वाकून पाहणं नातवाला कसं शिकवू? तो सहा वर्षांचा आहे, त्याचं डोकं बॉनेटच्या वर येत नाही.

धरमपेठ

आजी, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. तरी विचारतो, घरासमोर लोक स्वतःच "नो पार्किंग" रंगवतात, ते चालतं का?

सव्वीस वर्षं क्लच

गेटचा रस्ता अडवायचा नाही, हा नियम आहेच, त्याला पाटी लागत नाही. गेट सोडून कंपाउंडच्या लांबीभर रस्ता मात्र कोणी रंगवून आपला करू शकत नाही.

खामल्याची मुलगी

काल कारवाल्या काकांना आमच्या स्कूटीवर बसवून गल्लीच्या तोंडाशी आणलं. कार तिच्या जागीच होती, कोपऱ्यापासून माझ्या तीन पावलांवर. काका बसल्या बसल्या मान लांब करत गेले, मग पायानं स्कूटी पुढं सरकवत गेले. ऑटोचा हॉर्न वाजला तेव्हा चाक रस्त्यात होतं. काही बोलले नाहीत. आज सकाळी कार गल्लीत, त्यांच्या भिंतीला लागून होती.

पण संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर भाजीचा ठेला लागला. ठेल्यावरून पलीकडचं दिसतं, आईनं उभं राहून पाहिलं. पावसाची ताडपत्री लागली की दिसणार नाही. त्या भाऊंशी उद्या बोलते. ते त्या कोपऱ्यावरच विकतात, कारण गिऱ्हाईक गाडीवरून न उतरता भाजी घेतं.