हातमागाच्या साडीचे लाइव्ह : किंमत सांगण्याआधी काय दाखवावे?

धागाकर्ती, म्हापसा

गेली तीन वर्षे मी घरूनच हातमागाच्या साड्या विकते आणि दर गुरुवारी रात्री साडेआठला फोनवरून लाइव्ह करते. चवथीच्या आधीच्या एका लाइव्हमध्ये तांबड्या-पांढऱ्या चौकडीची सुती साडी दाखवत असताना एका ताईंनी विचारले, "ही हातमागाचीच, हे कशावरून?" मी म्हणाले, "थेट विणकराकडून आणली आहे, विश्वास ठेवा." त्या पुढे काही बोलल्या नाहीत, पण पाहणाऱ्यांचा आकडा तिथल्या तिथे खाली आला. त्या रात्री विकलेल्या पाच साड्यांपैकी दोन परतही आल्या, कारण पडद्यावर नारिंगीकडे झुकणारा दिसलेला रंग प्रत्यक्षात गडद तांबडा होता. त्यामुळे आता एका साडीला साधारण चार मिनिटे धरून बोलण्याचा मजकूर मला नीट लिहून काढायचा आहे. कोणते प्रात्यक्षिक आधी करावे, किंमत नेमकी कधी सांगावी आणि मध्येच येणाऱ्या प्रश्नांना कुठे जागा द्यावी, याविषयी ज्यांनी असे लाइव्ह केले आहेत किंवा त्यातून खरेदी केली आहे, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

पर्वरीहून, रेशमी साड्यांचे विक्रेते

मी प्रत्येक लाइव्हच्या सुरुवातीला साडीच्या पदराचा एक धागा काढून जाळून दाखवतो. धागा वितळून त्याची काळी, टणक गाठ झाली तर तो पॉलिएस्टर असतो. तसे झाले नाही की साडी शुद्ध आहे, असे मी सांगतो आणि लगेच किंमत जाहीर करतो. ताई, आपण हे एवढे एक प्रात्यक्षिक घेतले तरी "कशावरून" हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

डिचोलीहून, विणकाम शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर

पर्वरीच्या भावांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पॉलिएस्टर वितळतो हे खरेच, पण जे वितळत नाही ते सगळे रेशीम नसते. व्हिस्कोजचा धागाही वितळत नाही, तो कागदासारखा जळतो आणि वासही जळक्या कागदाचाच येतो. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरडते. हा वास प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही, म्हणजे या प्रात्यक्षिकातला मुख्य पुरावाच लाइव्हमध्ये गळून पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जाळल्याने फार तर धागा कशाचा आहे ते कळेल, पण तो हातमागावर विणला की यंत्रमागावर, हे मुळीच कळणार नाही. खुणेच्या शिक्क्यांचेही तसेच आहे. 2004 साली सुरू झालेला सिल्क मार्क रेशमाची ग्वाही देतो, मागाची नाही. 2006 सालचा हँडलूम मार्क हातमागाची ग्वाही देतो, पण ती साडी शुद्ध रेशमाची आहे असे तो म्हणत नाही. प्रेक्षक दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात विचारतात. आपण मात्र उत्तरे वेगवेगळी द्यावीत.

आता चौकडीच्या सुती साडीविषयी लिहितो. कॅमेऱ्यासमोर दाखवता येतील अशा तीन गोष्टी मला खात्रीच्या वाटतात. पहिली म्हणजे साडी उलटी करून दाखवणे. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखीच गडद असते, छापलेली मागून फिकी दिसते. दुसरी म्हणजे पदराच्या टोकाला सुटलेल्या धाग्यांतला एक हळूच ओढून पांढऱ्या कागदावर ठेवणे. सूत आधी रंगवून मग विणले असेल तर तो धागा सलग एकाच रंगाचा दिसतो. छपाई असेल तर त्याच धाग्यावर तांबडे आणि पांढरे तुकडे दिसतात. मात्र या दोन्हींनी सिद्ध होते ते एवढेच की चौकडी विणलेली आहे, कारण यंत्रमागही रंगवलेल्या सुताची चौकडी विणतो.

हातमागाकडे बोट दाखवणारी तिसरी गोष्ट काठाजवळ सापडते. कापड आक्रसू नये म्हणून विणकर दोन्ही टोकांना टोकदार खिळे असलेली काठी आडवी लावतो आणि थोडे विणून झाले की ती उचलून पुढे लावतो. त्यामुळे कडेला बारीक छिद्रांचे झुबके ठरावीक अंतराने दिसतात. यंत्रमागालाही कापड ताणणारी फिरती कडी असते आणि तिचेही टोचे उमटतात, पण ते सलग एका ओळीत येतात. म्हणून "छिद्रे आहेत म्हणजे हातमाग" असे म्हणू नये, ती कशी पडली आहेत ते दाखवावे. धुतल्यावर आणि इस्त्री झाल्यावर ही छिद्रे पुष्कळशी बुजतात, म्हणून ती दिसली नाहीत तर साडी खोटी ठरत नाही. पट्टी लावून चौकडीची उंची तीन ठिकाणी मोजली तर एखाद्या मिलिमीटरचा फरकही बहुधा सापडतो, कारण फणीचा ठोका माणसाच्या हाताचा असतो. पण कुशल विणकराच्या कापडात तोही सापडणार नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही.

एक विनंती आहे. सहावारी चौकडीला सरसकट "पारंपरिक कुणबी साडी" म्हणू नका. कुणबी बायका शेतात वावरताना अडू नये म्हणून कापड आखूड नेसत आणि खांद्यावर गाठ मारत. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या कापडाला पुन्हा लोकांसमोर आणल्यानंतर आजच्या लांबीच्या साड्या अधिक दिसू लागल्या. "कुणबी चौकडीवर आधारित सहावारी" असे म्हटले तर ते खरे ठरते आणि माझ्या मते साडीचा मानही त्याने कमी होत नाही.

मडगावहून, एक ग्राहक

मी अशाच एका लाइव्हमधून घेतलेल्या तांबड्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात पांढऱ्या चौकडीत उतरला. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवूनही तो थांबला नाही. आता काय करावे, हे कोणी सांगू शकेल का?

डिचोलीचे मास्तर

ताई, मिठाने सुटलेला रंग पक्का होत नाही. आता ती साडी एकटीच, थंड पाण्यात, सौम्य साबणाने पटकन धुऊन सावलीत वाळवा आणि ओली असताना तिची घडी घालून ठेवू नका. उतरलेला रंग पूर्ण निघेल असे मी सांगू शकत नाही. धागाकर्तीनेही याची नोंद घ्यावी. "रंग सुटता काय?" हा प्रश्न येणारच आहे. लाइव्हच्या आधी काठाचा आतला कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने अर्धा मिनिट दाबून पाहा आणि ते फडके, डाग पडला असला तरी, कॅमेऱ्यासमोर धरा.

फोंड्याहून, लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे

रंग नारिंगी दिसण्याचे कारण साडीत नसून फोनमध्ये आहे. चौकट गडद कापडाने भरली की फोनला खोली अंधारी वाटते, तो प्रकाश वाढवतो आणि गडद तांबडा फुटून नारिंगी होतो. साडी टेबलावर पसरा, शेजारी कोरा कागद ठेवा, पडद्यावर बोट दाबून प्रकाश तिथेच बांधून ठेवा आणि मगच लाइव्ह सुरू करा. पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका. एवढे करूनही पाहणाऱ्याच्या फोनचा पडदा कसा आहे ते आपल्या हातात नसते, म्हणून "कुंकवापेक्षा गडद, वाळलेल्या लाल मिरचीच्या जवळचा" असे तोंडी वर्णन द्यावेच.

काणकोणहून, एक विक्रेती

किंमत शेवटी सांगण्याच्या मी विरोधात आहे. मी पाटीवर पहिल्यापासून आकडा लिहून ठेवते. "कितलें?" असे दहा वेळा विचारायला लावणे मला ग्राहकाचा अपमान वाटतो. माझ्याकडे प्रेक्षक कमी थांबतात हे खरे आहे, पण जे थांबतात ते घेतात.

धागाकर्ती, म्हापसा

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या गुरुवारी वरच्या सूचना घेऊन मी एका साडीचा मजकूर लिहिला आणि वापरला. तो जसा बोलले तसाच देते.

पहिले मिनिट : "ही सुती सहावारी आहे, कुणबी चौकडीवर आधारित. रंग वाळलेल्या लाल मिरचीसारखा गडद आहे, पडद्यावर तो थोडा उजळ दिसू शकतो. आता मी साडी उलटी करते आहे, मागची बाजू पाहा." यानंतर मी काहीही न बोलता कापड हळूहळू फिरवले.

दुसरे मिनिट : पदराचा धागा कागदावर ठेवला, मग काठ कॅमेऱ्याजवळ नेला. "ही बारीक छिद्रे सलग नाहीत, झुबक्यांनी आहेत. विणकराने ताणकाठी जिथे जिथे हलवली, त्या या जागा आहेत." इथे एका भाऊंनी विचारले की मग हा दोष नाही का. मी सांगितले की पहिल्या दोन धुण्यांत बहुतेक छिद्रे बुजतात. याच मिनिटात खरा दोषही दाखवला : निऱ्यांच्या भागात एके ठिकाणी तुटलेला धागा गाठ मारून जोडला आहे. ती गाठ बोटाने दाखवली आणि ती नेसल्यावर आत जाते हेही सांगितले.

तिसरे मिनिट : ओले फडके दाखवले, त्यावर फिकट गुलाबी छटा होती. "पहिली तीन धुणी वेगळी करा." त्यानंतर किंमत : "साडी 3,600 रुपये, टपाल 120, एकूण 3,720. ब्लाउजपीस वेगळा नाही."

किंमत सांगितल्यावर गप्प राहायचे नाही, हे मी या वेळी शिकले. माझा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचायला आणि त्यांचे उत्तर माझ्यापर्यंत यायला दहा-पंधरा सेकंद जातात. पूर्वी त्या शांततेला घाबरून मी आपणहून दर कमी करून बसत असे. आता पदराची निरी घालून दाखवण्याचे काम मी मुद्दाम त्या जागी ठेवले आहे, त्यामुळे चौथे मिनिट त्यातच जाते आणि तोवर प्रश्न येतात. या वेळी पहिला प्रश्न "आतून दिसते का?" हा होता, म्हणून एकेरी कापडाखाली आणि मग दुहेरी कापडाखाली हात धरून दाखवला. एकेरीत बोटांची आकृती दिसली, दुहेरीत दिसली नाही.

काणकोणच्या ताईंच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या साडीची किंमत मी पहिल्याच वाक्यात सांगितली. ती साडी अधिक लवकर गेली, पण ती 1,450 ची होती, त्यामुळे तुलना बरोबर होत नाही. दोन सारख्या दराच्या साड्यांवर हे करून पाहायला हवे.

एक अडचण मात्र सुटली नाही. 3,600 ची साडी एकच होती आणि "घेते" असे दोघींचे उत्तर जवळजवळ एकाच वेळी आले. माझ्या फोनवर वाळपईच्या ताई आधी दिसल्या, माझ्या बहिणीच्या फोनवर पेडण्याच्या. मी वाळपईला दिली आणि पेडण्याच्या ताई दुखावल्या. एकच नग असताना आपण कोणता नियम आधी जाहीर करता?

काणकोणहून, एक विक्रेती

मी सुरुवातीलाच सांगते की माझ्या फोनवरचा क्रम धरला जाईल, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या ताईंसाठी त्याच विणकराकडे त्याच रंगाच्या साडीची मागणी नोंदवते. त्या साडीची चौकडी हुबेहूब तशीच येईल असे वचन मात्र देत नाही. एकदा तशी आली नाही आणि त्या ताईंनी ती घेतली नाही, ती अजून माझ्या कपाटात आहे.