वरिष्ठांच्या तुसड्या मेलला उत्तर: ठणकावून, नमून की तिसरंच काही?

चाकणची_एक
मी चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. काल १४ तारखेला संध्याकाळी ७:४० ला फायनान्सच्या जीएम साहेबांचा मेल आला. मूळ इंग्रजीत होता, मराठीत असा होईल: ‘खरेदीचा मेळ अजून का आला नाही? दर महिन्याला मीच आठवण करायची का? उद्या सकाळी हवा.’ सीसीत प्लांट हेड, माझे मॅनेजर आणि स्टोअर्सचे दोघे.

जीएसटीची टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, पोर्टलवर १४ लाच येते. ती आपल्या नोंदींशी जुळवायची, मग त्याआधी मेळ लागणार कसा? पण १० तारखेला ‘कुठवर आलंय ते कळवते’ असं मीच म्हटलं होतं आणि कळवलं नाही, हेही खरं. रात्री बसून मेळ लावला. २१२ बिलांपैकी ९ जुळत नाहीत. उत्तराचे दोन मसुदे केले. एकात ‘सर, टू-बी १४ तारखेला येते हे आपल्याला माहीत असेलच’. दुसऱ्यात तीनदा ‘सॉरी’. दोन्ही पाठवले नाहीत. आता सकाळचे ८ वाजलेत. काय लिहू?

सडेतोड_सातारकर
पहिला मसुदा. विचार कसला करताय? त्यांनी चारचौघांसमोर पाणउतारा केला, तर तारीखही चारचौघांसमोरच कळू द्या. एकदा गप्प बसलात की दर महिन्याला १४ तारीख अशीच जाणार.

थंडा_करके
ताई, माझा नियम सोपा आहे. असा मेल आला की २४ तास उत्तरच द्यायचं नाही. राग उतरला की शब्द आपोआप नीट येतात.

हिशोबी_मावशी
थंडा, अर्धं बरोबर आहे. रागात लिहू नये हे खरं, पण त्यांनी ‘उद्या सकाळी’ म्हटलंय आणि ती सकाळ उजाडली आहे. आणखी २४ तास थांबली तर त्यांचा टोमणाच खरा ठरेल. मसुदा लिहिताना ‘टू’चा रकाना रिकामा ठेवायचा, चहा पिऊन यायचं, एकदा वाचायचं आणि पाठवायचं. वीस मिनिटं पुष्कळ झाली.

सातारकरांचा मसुदा मात्र मी पाठवू देणार नाही. ‘आपल्याला माहीत असेलच’ हे दिसायला आदराचं, पण वाचणाऱ्याला ‘एवढंही कळत नाही का’ असंच ऐकू येतं. इंग्रजी मेलमधलं ‘ॲज ऑलरेडी इन्फॉर्म्ड’ आणि ‘काइंडली नोट’ त्याच जातीचं. नम्र कपडे घातलेली चापट. साहेब तीच उचलतील आणि ९ बिलं बाजूला राहतील.

मी बावीस वर्षं हेच काम केलंय. त्या मेलमध्ये तीन वाक्यं आहेत. पहिलं आणि तिसरं कामाचं आहे, मधलं टोचण्यासाठी आहे. ‘मीच आठवण करायची का?’ हा प्रश्नच नाही, त्यामुळे त्याला उत्तरही नाही. पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे, तुझी १० तारीख. तेवढीच मान्य करायची, एकदा, ‘अत्यंत’ किंवा ‘मनःपूर्वक’ न लावता.

आता साहेब चिडले कशाने ते बघ. ज्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत आपलं विवरणपत्र भरलं नाही, त्याचं बिल या टू-बीत येत नाही आणि त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, या महिन्यात घेता येत नाही. २० तारखेला आपलं महिन्याचं विवरणपत्र, थ्री-बी, भरायचं, म्हणजे तेवढा कर रोखीने भरावा लागू शकतो. ती रक्कम किती, हे त्यांना आजच बँकेच्या हिशोबात धरायचं असणार. तुला वाटतं ते मेळ मागताहेत. ते आकडा मागताहेत. ९ बिलांची फोड सांगशील का? मग लिहिते.

चाकणची_एक
३ बिलांत आमच्याकडूनच बिल क्रमांक चुकीचा टाइप झालाय. ६ बिलं एकाच पुरवठादाराची आहेत, २७ लाखांचा माल, १८ टक्क्यांनी ४,८६,००० कर. त्याने भरलेलंच नाही.

खुलासा_सादर
मी जिल्हा परिषदेत आहे. आमच्याकडे अशा पत्राला ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ करून २४ तासांत खुलासा द्यावा लागतो. तुम्हीही मुद्देनिहाय खुलासा द्या: टू-बी कधी आली, तुम्ही किती वाजता काम सुरू केलं, सगळं. उद्या चौकशी लागली तर कागद बोलतो. माझ्यावर एकदा हजेरीपटावरून आली होती, मी तीन पानी खुलासा दिला आणि सुटलो.

हिशोबी_मावशी
दादा, तुमच्याकडे खुलासा फाइलला लागतो, वर्षांनी कुणीतरी काढून वाचतो. तिथे तीन पानं बरोबर. इथे वाचणारा एकच आणि तो बहुतेक गाडीत बसून वाचणार. तिने तीन पानं लिहिली तर ती आरोपी झाली, आणि आरोप तर कुणी रीतसर केलेलाच नाही.

हा घे माझा मसुदा:

‘सर,
२१२ पैकी २०३ बिले जुळली आहेत, यादी सोबत जोडली आहे.
उरलेल्या ९ पैकी ६ बिले एकाच पुरवठादाराची आहेत. त्यांनी विवरणपत्र भरलेले नसल्याने ४,८६,००० रुपयांचे क्रेडिट या महिन्यात मिळणार नाही. २० तारखेच्या भरण्यात ही रक्कम धरावी लागेल. ३ बिलांत आपल्या नोंदीत क्रमांक चुकला आहे, ते आज ३ वाजेपर्यंत दुरुस्त करते.
१० तारखेला स्थिती कळवायची राहून गेली. टू-बी १४ ला येत असल्याने पुढच्या महिन्यापासून ११ ला अंदाज आणि १४ ला रात्री पक्का आकडा पाठवीन.
या पुरवठादाराचे पेमेंट थांबवायचे का, ते आज कळवावे.’

बघ, १४ तारीख यातही आहे. पण बचाव म्हणून नाही, पुढच्या वेळापत्रकाचं कारण म्हणून. वाक्य तेच, जागा बदलली की सूर बदलतो. आणि शेवटी तू त्यांच्याकडे एक निर्णय मागते आहेस. नमणारा माणूस मागत नाही.

सीसी आहे तशी ठेव. कुणाला काढू नकोस, वाढवू तर अजिबात नकोस. स्टोअर्सवाल्यांना त्या ३ बिलांशी देणंघेणं आहेच.

सडेतोड_सातारकर
मसुदा चांगला आहे, मान्य. पण मावशी, ‘राहून गेली’ हे सगळ्यांसमोर लिहायचं? साहेबांनी चूक सगळ्यांसमोर काढली, वर ही स्वतः सही करून देणार? आणि त्यांच्या भाषेबद्दल एक शब्द नाही. उद्या स्टोअर्सचा पोरगाही हिला असंच लिहील.

हिशोबी_मावशी
चूक नसती तर लिहू दिली नसती. आहे, आणि साहेबांना ती ठाऊक आहे. लपवली तर बाकीच्या आकड्यांवरही ते शंका घेतील. म्हणून मी ती पहिल्या ओळीत ठेवली नाही, तिसऱ्या परिच्छेदात ठेवली. सुरुवात माफीने केली की आकडे लंगडे वाटतात.

भाषेबद्दल बोलायचं, पण या मेलमध्ये नाही. आकडा आणि तक्रार एकाच पानावर आली की वाचणारा तक्रारीलाच उत्तर देतो. दोनतीनदा असं झालं तर केबिनमध्ये, एकटं असताना: ‘सर, आठवण करायची असेल तर मला थेट करा, सीसीत आली की खालचे लोक माझं ऐकत नाहीत.’ यात स्वभावावर बोट नाही, कामावर होणारा परिणाम आहे.

सडेतोड_सातारकर
केबिनमध्ये बोललेलं हवेत विरतं. मला पटलेलं नाही.

मोबाईलवरून_टाइप
मी त्या दुसऱ्या बाजूचा. असे दोन ओळींचे मेल मीच लिहितो, बहुतेकदा फोनवर, कधी विमानतळावर. प्रत्येक वेळी राग असतोच असं नाही, पण ‘मीच आठवण करायची का’ लिहिलं असेल तर होता. उगाच सारवासारव करत नाही.

उत्तरात मी एकच शोधतो: कधी आणि किती. लांब माफी आली की मी ती ओलांडून खाली जातो आणि आकडा नसला की आणखी चिडतो. मावशींचा मसुदा आला असता तर मी ४,८६,००० वर थांबलो असतो. फक्त एक बदल सुचवतो. ‘कळवावे’ जरा ऑर्डर वाटतं. ‘कळवाल का?’ करा.

आणि सीसीबद्दल खरं सांगतो. प्लांट हेडला मी पुष्कळदा अकाउंट्सवाल्यांना झापण्यासाठी घालत नाही. पैसे कमी पडले तर ‘मी विचारलं होतं’ हे त्यांच्यासमोर असावं म्हणून घालतो. चांगली सवय नाही, पण कारण हेच असतं.

हिशोबी_मावशी
‘कळवाल का?’ नको. प्रश्नचिन्ह लावलं की ते ऐच्छिक होतं आणि पेमेंट सुटून जातं. ‘आज दुपारपर्यंत कळवा, म्हणजे पेमेंटच्या यादीतून काढता येईल’ असं कर. कारण जोडलं की ऑर्डर राहत नाही.

थंडा_करके
त्यापेक्षा फोन का करू नये? आवाज ऐकला की गाठ सुटते.

चाकणची_एक
फोन केला तर माझी जीभ अडखळते, मग ‘हो सर, हो सर’ एवढंच होतं. मला लिहिलेलंच बरं पडतं.

मेल ८:५० ला पाठवला. मावशींचाच, शेवटी ‘दुपारपर्यंत कळवा, म्हणजे यादीतून काढता येईल’. ‘राहून गेली’ वर बराच वेळ कर्सर ठेवून बसले होते. ठेवलं. मॅनेजरांना आधी दाखवला, ते म्हणाले ‘सॉरी तरी घाल एक’. नाही घातला.

चाकणची_एक
११:२० ला उत्तर आलं: ‘Ok. Hold payment. Will speak to them.’ सीसीत सगळे तेच. धन्यवाद नाही, काही नाही. हे चांगलं की वाईट?

मोबाईलवरून_टाइप
‘Will speak to them’ म्हणजे पुरवठादाराशी ते स्वतः बोलणार. विषय तुमच्यावरून तिकडे गेला.

सडेतोड_सातारकर
आणि तो सूर? तो जिथल्या तिथेच. ११ तारखेला पुन्हा येऊन सांगा, मग बघू कोण बरोबर.

चाकणची_एक
११ चं रिमाइंडर लावलंय. ३ बिलांपैकी दोन दुरुस्त झाली, तिसऱ्याची मूळ प्रतच स्टोअर्समध्ये सापडत नाहीये. ३ वाजायला वीस मिनिटं आहेत, आता तो मेल कसा लिहू ते बघते.