प्रतिसाद: अंतर्गत हस्तांतरण दर आणि विभागांचा नफा

> एका विभागाचा नफा वाढला की दुसऱ्याचा तेवढाच घटतो. मग दर कोणताही ठेवला तरी समूहाला काय फरक पडतो?

अंतर्गत हस्तांतरण दर म्हणजे समूहातील एक विभाग दुसऱ्याला माल देताना जो दर लावतो तो. विक्री आणि उत्पादन तेवढेच राहणार असेल तर खरोखरच फरक पडत नाही, कर बाजूला ठेवून. परंतु विभागप्रमुख त्याच दराकडे पाहून निर्णय घेतो, आणि तिथे समूहाचे खरे नुकसान होऊ शकते.

समजा, सुटा भाग बनवणाऱ्या विभागाचा बदलता खर्च नगामागे ४० आहे आणि तो जुळणी विभागाला ७० दराने भाग देतो. जुळणीचा बदलता खर्च आणखी ३० आहे. तयार वस्तू एरवी १२० ला विकली जाते, तेव्हा दोन्ही विभागांच्या वाट्याला ३० आणि २० असे अंशदान, म्हणजे दरातून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, येते. आता ९० दराची एक जादा मागणी आली, तर जुळणी विभागाला नगामागे १० तोटा दिसतो आणि तो ती नाकारतो. समूहाचा बदलता खर्च मात्र एकूण ७० च आहे. म्हणजे नगामागे २० हातचे जातात, आणि कोणत्याही विभागाच्या हिशेबात हा तोटा दिसत नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

म्हणून पुरवठादार विभागाचा किमान दर बदलता खर्च अधिक गमावलेले अंशदान एवढा धरावा. त्याची यंत्रे रिकामी असतील तर तो ४० च येतो. ती पूर्ण व्यस्त असून बाहेर ७० ला गिऱ्हाईक असेल, तर किमान दर ७० होतो आणि जुळणी विभागाचा नकार योग्य ठरतो.