मदत हवी आहे: ‘हलकं काम’ प्लॅनमध्ये कसं लिहायचं?

आमच्या जिनिंगमध्ये प्रेसवर कापसाच्या गाठी बांधणाऱ्या कामगाराचं उजवं मनगट मोडलं होतं. अकरा आठवड्यांनी, सोमवारी तो रुजू होतोय. फिटनेस दाखल्यावर नुसतं ‘हलकं काम’ आहे. किती किलो, किती तास, काही नाही.

मी चार आठवड्यांचा प्लॅन लिहिलाय. पहिले दोन आठवडे वजनकाट्यावर पावत्या, रोज चार तास, पगार पूर्ण. मग आठ तास, पण तार ओढणं आणि गाठ लोटणं बंद. दर शुक्रवारी आढावा, दोघांच्या सह्या.

अडचण त्याच्याशी घेतलेल्या मुलाखतीत आली. ‘दुखते का?’ विचारलं तर म्हणतो, ‘नाही भाऊ, प्रेसवरच घ्या.’ ऐन हंगामात जागा जाईल ही धास्ती, दुसरं काय! पाण्याचा जग मात्र डाव्या हातानं उचलला.

डॉक्टरांकडे कामाचं वर्णन पाठवतोय. मनगटाच्या कोणत्या हालचाली, किती वजन आणि दिवसातून किती वेळा, हे कसं मांडलं की ते नेमकी मर्यादा लिहून देतील? आणि मुलाखतीत ‘दुखते का’ऐवजी काय विचारू?